आठवड्यातला एक दिवस: शाळागळतीवरचा एक लेख छापून येईपर्यंत

सोलापुरातल्या एका दैनिकाचं रविवारचं लेखांचं पान मी पाहतो. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघालं की या विषयावरचे लेख येऊ लागतात. बहुतेकांत पालकांच्या निरक्षरतेबद्दल दोन परिच्छेद असतात, गरिबीबद्दल दोन असतात आणि शेवटी शासनाने लक्ष घालावं अशी विनंती असते. वाचकाला त्यातून नवं काही कळत नाही, म्हणून मी ते सहसा परत करतो. गेल्या वर्षी शहरातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी पाठवलेला लेख मात्र मी ठेवून घेतला. तो तेव्हा छापण्याजोगा नव्हता. जवळजवळ अडीच हजार शब्द होते आणि पानाची मर्यादा आठशेची. तरी त्यात एक निष्कर्ष असा होता, की तो शहरातल्या प्रत्येक वर्गशिक्षकाच्या आणि पालकाच्या हातात पडायला हवा असं मला वाटलं. तो निष्कर्ष वाचकापर्यंत नेताना कुठे कुठे अडलो ते इथे मांडतो. पत्रकारितेच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

आधी निष्कर्ष काय होता ते सांगतो. रॉबर्ट बाल्फान्झ, लायझा हर्झॉग आणि डग्लस मॅक आयव्हर या अमेरिकन संशोधकांनी फिलाडेल्फिया शहरातल्या सहावीच्या जवळजवळ १३,००० मुलांचा १९९६ पासून २००४ पर्यंत माग काढला. सहावी ते बारावी आणि वर एक वर्ष. कोणी शाळा पूर्ण केली आणि कोण मध्येच थांबलं हे पाहिलं, आणि मग मागे जाऊन थांबलेल्या मुलांची सहावीतली कागदपत्रं तपासली. २००७ मध्ये त्यांनी जे मांडलं त्याचा गाभा असा: गणितात नापास, इंग्रजीत नापास, वर्तनाबद्दल शाळेची कारवाई आणि ८० टक्क्यांहून कमी हजेरी, या चार खुणांवरून शाळा पूर्ण न करणाऱ्या मुलांपैकी ६० टक्के मुलं सहावीतच ओळखता येतात. म्हणजे मूल सोळाव्या-सतराव्या वर्षी शाळा सोडताना दिसतं, पण ते सुटत चाललंय हे अकराव्या-बाराव्या वर्षीच कागदावर आलेलं असतं. मॅडमच्या लेखाचा सगळा भार याच गोष्टीवर होता: शाळा सुटणं ही एका दिवसात घडणारी घटना नसून ती वर्षानुवर्षं चालणारी प्रक्रिया असते.

त्यांच्या पहिल्या खर्ड्यात हे असं लिहिलेलं होतं: ‘इयत्ता सहावीतील ८० टक्क्यांपेक्षा न्यून उपस्थिती व माध्यमिक शिक्षण अपूर्ण राहण्याची संभाव्यता यांमध्ये दृढ सहसंबंध आढळून येतो.’ या वाक्यात चूक काही नाही. विभागातल्या चर्चासत्रात ते चालतं. पण रविवारी सकाळी चहा पिता पिता पेपर वाचणारा माणूस इथे थांबतो आणि शेजारच्या बातमीकडे वळतो. शिवाय त्या वाक्यात मूल कुठेच नाही. उपस्थिती आहे, संभाव्यता आहे, कोणी शाळेत आलेलं किंवा न आलेलं नाही.

मी मॅडमना एवढंच विचारलं, की ८० टक्के म्हणजे किती दिवस? त्यांनी लगेच हिशेब मांडला. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरायला हवी. त्याचे ८० टक्के म्हणजे १७६. म्हणजे वर्षभरात ४४ दिवस न येणारं मूल त्या रेषेवर असतं. शनिवारची सकाळची शाळा धरून आठवड्याचे सहा दिवस पकडले, तर २२० दिवसांचे साधारण सदतीस आठवडे होतात. चव्वेचाळीस भागिले सदतीस. उत्तर आठवड्याला एकाहून थोडं जास्त येतं.

लेखाचं रूप इथून बदललं. ‘८० टक्क्यांहून कमी उपस्थिती’ वाचताना डोळ्यांसमोर एक उनाड, कायम गैरहजर राहणारं पोर येतं. ‘आठवड्यातून एक दिवस न येणारं मूल’ म्हटलं की चित्र पालटतं. असं मूल प्रत्येक वर्गात दोन-चार तरी असतं. ते खोड्या करत नाही, पाच दिवस नीट येतं, सहाव्या दिवशी नसतं. त्याची कोणाला चिंता वाटत नाही.

चिंता का वाटत नाही, हे समजून घ्यायला आम्ही शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत जाऊन सातवीचा हजेरीपट पाहिला. हा भाग यंत्रमागांचा आणि विडी कामगारांचा. घरोघरी तेलुगू बोलली जाते, मुलं शाळेत मराठी बोलतात. पट लांबट, कापडी पाठीचा, प्रत्येक महिन्याला नवं पान. डावीकडे नावं, मग एक ते एकतीस रकाने, उजवीकडे त्या महिन्याच्या हजर दिवसांची बेरीज. एकेक पान पाहिलं तर सगळं ठीक दिसत होतं. कोणाचे चार ‘गै’, कोणाचे पाच, कोणाचे तीन. त्यावरून कोणाला बोलावून घ्यावं असं कुठल्याही वर्गशिक्षिकेला वाटणार नाही. त्याच नावाची ओळ जूनपासून मार्चपर्यंत पानं उलटत पाहिली तरच काय चाललंय ते कळतं, आणि तशी कोणी पाहत नाही. वर्गशिक्षिकेला महिन्याचा अहवाल द्यायचा असतो, पोषण आहाराचा रोजचा आकडा भरायचा असतो, त्यामुळे तिची बेरीज आडवी एका महिन्यापुरती आणि उभी एका दिवसापुरती होते. एका मुलाच्या एका वर्षाची बेरीज करायला तिला कोणी सांगितलेलंच नाही.

राज्याच्या शाळाबाह्य मुलाच्या व्याख्येतही अशी विखुरलेली गैरहजेरी बसत नाही. महाराष्ट्रात सहा ते चौदा वयाचं जे मूल शाळेत दाखलच झालेलं नाही, किंवा दाखल होऊन सलग एक महिन्याहून अधिक काळ गैरहजर आहे, ते शाळाबाह्य धरलं जातं. या व्याख्येला अर्थ आहे. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली, वीटभट्टीवर राहणारी मुलं तिच्यामुळे सापडतात, आणि आपल्या जिल्ह्यात ती सापडणं फार गरजेचं आहे. पण तिच्यातला ‘सलग’ हा शब्द आठवड्याला एक दिवस चुकवणाऱ्या मुलाला वगळतो. असं मूल वर्षात दीड-दोन महिन्यांच्या शाळेला मुकतं आणि तरीही सर्वेक्षणात नियमित म्हणून मोजलं जातं. वाड्यावस्त्या पालथ्या घालणाऱ्या शिक्षकांची यात काहीच चूक नाही. ते जी व्याख्या घेऊन निघतात तिच्यात हे मूल येतच नाही.

हे लेखात कसं दाखवायचं, यावर आमचा बराच वेळ गेला. आम्ही पाहिलेल्या पटातल्या एका मुलीची ओळ नेमकी उदाहरणाला बसणारी होती. नाव बदलून ती वापरावी, असं माझं मत पडलं. मॅडमनी ठाम नकार दिला, आणि त्यांचंच बरोबर होतं. सातवी, पूर्व भाग, आई विडी वळते, धाकटा भाऊ अंगणवाडीत, एवढ्या चार गोष्टींवरून गल्लीतल्या कोणालाही ती मुलगी ओळखू आली असती. नाव बदलल्याने वाचकापासून माणूस लपतो, शेजाऱ्यांपासून लपत नाही. म्हणून त्यांनी एक मनानं रचलेला पट मांडला आणि तो रचलेला आहे हे त्याच परिच्छेदात सांगितलं. छापून आलेला मजकूर असा:

‘उदाहरणासाठी एक हजेरीपट डोळ्यांसमोर आणू. सातवीतली एक मुलगी जूनमध्ये २ दिवस आली नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये ४-४, सप्टेंबरमध्ये ५, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा ४-४, डिसेंबरमध्ये ५, जानेवारीत ६, फेब्रुवारी-मार्चमध्ये ५-५ आणि एप्रिलमध्ये २. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त ती कधीच घरी राहिली नाही. एकाही महिन्यात शिक्षकांना तिच्या घरी जावंसं वाटलं नाही. बेरीज मात्र ४६ होते. २२० दिवसांच्या वर्षात तिची हजेरी ७९ टक्के भरते.’

या परिच्छेदात एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि तरी संशोधनातली ८० टक्क्यांची रेषा आहे तशीच वाचकापुढे येते. वाचक स्वतः बेरीज करतो. अनेकांनी केली, हे पुढे फोनवरून कळलं.

दुसरी अडचण ६० टक्क्यांची होती, आणि ती पहिलीपेक्षा अवघड निघाली. पान लावताना डेस्कवरून मथळा आला: ‘आठवड्याला एक दांडी मारणारी साठ टक्के मुले शाळा सोडतात’. मथळा सुटसुटीत होता, तीन स्तंभांत बसत होता आणि साफ चुकीचा होता. संशोधक म्हणतात, शाळा पूर्ण न केलेल्यांपैकी ६० टक्के मुलांच्या अंगावर सहावीत चारपैकी एखादी खूण होती. मथळा म्हणत होता, खूण असलेल्यांपैकी ६० टक्के शाळा सोडतात. शब्द तेच, आकडा तोच, दिशा उलटी. त्यातही चार खुणांऐवजी एकच खूण धरलेली. अशी चूक वर्तमानपत्रांत वारंवार होते आणि ती वाचकाला पकडता येत नाही, कारण वाक्य व्याकरणाने आणि कानाला दोन्हीकडून बरोबर लागतं.

मॅडमनी डेस्कवरच्या मुलांना ती दिशा डेंग्यूच्या उदाहरणाने समजावली: डेंग्यू झालेल्या बहुतेकांना ताप असतो, पण ताप आलेल्या बहुतेकांना डेंग्यू नसतो. पुढे तेच उदाहरण लेखातही घेतलं. पण नुसती दिशा सांगून भागलं नसतं. खूण असलेल्या मुलाचं पुढे काय होतं, हा वाचकाचा खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर वेगळं आहे. त्याच संशोधकांपैकी काहींनी त्याच शहराबद्दल मांडलेल्या दुसऱ्या लेखनात ते मिळतं. तिथे त्यांनी खुणाच अशा निवडल्या होत्या, की सहावीत एक जरी खूण असेल तरी ते मूल शाळा सोडण्याची शक्यता चारात तीन किंवा त्याहून जास्त निघावी. म्हणजे एका बाजूने पाहिलं तर ६० टक्के, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर किमान ७५ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

दोन टक्केवाऱ्या शेजारी शेजारी छापल्या की सर्वसाधारण वाचक दोन्ही विसरतो. म्हणून टक्के काढून टाकले आणि मुलं मोजली. अंतिम मजकूर असा झाला: ‘त्या शहरात ज्यांची शाळा अर्धवट राहिली अशी शंभर मुलं घेतली, तर त्यांतल्या साठ जणांबद्दल सहावीतच काहीतरी दिसत होतं. उरलेल्या चाळीस जणांबद्दल काहीच दिसत नव्हतं. ती हजर होती, पासही होत होती. आता उलट बाजूने पाहू. सहावीत खूण दिसलेली चार मुलं घेतली, तर त्यांपैकी किमान तिघांची शाळा पुढे अर्धवट राहिली.’

यातलं चाळीस मुलांचं वाक्य मूळ खर्ड्यात नव्हतं. साठ सांगितले म्हणजे चाळीस आपोआप कळतात, असं संशोधकाला वाटतं. वाचकाला ते आपोआप कळत नाहीत. माझ्या मते हे वाक्य लेखातलं सर्वांत मोलाचं होतं. ते नसतं तर एखादा मुख्याध्यापक ८० टक्क्यांच्या खालची नावं काढून निश्चिंत झाला असता, आणि नववीत अचानक थांबलेला मुलगा पाहून त्याला लेख खोटा वाटला असता. आपल्याकडे तर असं थांबणं अगदी शक्य आहे. शिक्षणहक्काचं कवच चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंतच आहे. वडिलांचा माग बंद पडला, घरातलं कोणी अंथरुणाला खिळलं, तर आदल्या वर्षी ९० टक्के हजेरी असलेला मुलगाही एमआयडीसीत कामाला लागतो. त्याच्या पटात आधी काहीही दिसलेलं नसतं.

मथळा शेवटी झाला ‘आठवड्यातला एक दिवस’. डेस्कला तो मिळमिळीत वाटला. मला वाटला नाही.

तिसरी गोष्ट पेपरात जाण्याआधी लेख ऐकणाऱ्या एका बाईंमुळे सुधारली. मॅडम ज्या इमारतीत राहतात तिथे कामाला येणाऱ्या एक बाई आधी वर्षानुवर्षं विड्या वळायच्या. त्यांची मुलगी नववीत थांबलेली. मॅडमनी त्यांना खर्डा मोठ्याने वाचून दाखवला. खर्ड्यात एक परिच्छेद होता: आई कारखान्यात विड्या जमा करायला जाते त्या दिवशी धाकट्याला सांभाळायला मुलगी घरी राहते, विडीची पानं खराब आली की हजार विड्यांचा हिशेब पुरा करायला दोरा बांधायला बसते, यातून गैरहजेरी वाढते आणि शाळा सुटते. ऐकून बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हंजे मॅडम, माझ्यामुळंच पोरीची शाळा सुटली, असं म्हणायलाय का तुम्ही?”

“नाही हो अक्का, असं कुठं म्हटलंय?”

“मग कुणामुळं म्हटलंय ते पण लिहा की. ती एक दिवस नाही गेली, दुसऱ्या दिवशी गेली, तर बाईंनी मागचं पान शिकवून टाकलेलं. तिला काय कळंना. वही कोण देईना. मग तीच म्हणायली, मम्मी, जाऊन काय करू?”

खर्ड्यात काय राहून गेलं होतं ते या चार वाक्यांनी दाखवून दिलं. हजेरी ही खूण आहे. खूण पुढचं सांगते, कारण सांगत नाही. आई कारखान्यात गेली म्हणून मुलगी एक दिवस घरी राहिली, इथपर्यंत खर्डा बरोबर होता. पण त्या एका दिवसानंतर परतलेल्या मुलीला वर्गात काय मिळालं, हा दुवा त्यात नव्हता. बाकी सगळ्या साखळीचं ओझं आईवर पडत होतं. समाजशास्त्रात या वाटा वेगवेगळ्या धरतात: घराने ओढून नेलेलं मूल, शाळेने ढकललेलं मूल आणि हळूहळू मागे पडत सुटलेलं मूल. अक्कांच्या मुलीच्या बाबतीत तिन्ही वाटा एकात एक गुंतलेल्या होत्या. एका दिवसाची ओढ घराची होती, धक्का वर्गाने दिला आणि मग ती मागे पडत गेली.

पालकांना शिकवायचंच नसतं ही समजूत तशी जुनी आहे, आणि तिला उत्तरही जुनं आहे. १९९६ मध्ये बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हिमाचल प्रदेशातल्या गावांत पाहणी करून १९९९ मध्ये जो प्राथमिक शिक्षणाचा ‘प्रोब’ अहवाल निघाला, त्यात बहुसंख्य गरीब पालकांना मुलांनी, मुलींनीसुद्धा, शिकावं असंच वाटत असल्याचं दिसलं होतं. मूल कामाला लागतं म्हणून शाळा सुटते, हा क्रम अनेक घरांत उलटा असल्याचंही त्यात मांडलं होतं: शाळेत मन लागेना म्हणून मूल घरी राहिलं आणि घरी आहेच तर कामाला लागलं. ती राज्यं वेगळी, तो काळ शिक्षणहक्क कायद्याच्या आधीचा. म्हणून मॅडमनी ते एकाच वाक्यात घेतलं, आणि राज्यांची नावं व वर्ष सांगून घेतलं. ‘भारतात असं आढळलं आहे’ असं मोघम लिहिलं असतं तर दोन ओळी वाचल्या असत्या, पण सोलापूरच्या वाचकाची दिशाभूल झाली असती.

विडीचा परिच्छेद त्यांनी काढला नाही, तो पुढे नेला. नवं वाक्य असं: ‘एक दिवस चुकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात येते, तेव्हा कालचा धडा तिला कोण सांगतं? या प्रश्नाचं उत्तर ज्या वर्गात नाही, तिथे चुकलेला एक दिवस दोन दिवसांएवढा होतो.’ मला हे वाक्य आजही आवडतं, कारण ते आईला, मुलीला किंवा शिक्षिकेला दोषी धरत नाही आणि तरी काय करायला हवं ते दाखवतं.

काय गाळायचं, हे ठरवायला मात्र फार वेळ लागला नाही. फिलाडेल्फियाच्या चारपैकी तीन खुणा इथे जशाच्या तशा लागू होत नाहीत. आपल्याकडे आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण बरीच वर्षं चाललं. अलीकडे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा आल्या, पण सहावीच्या प्रगतिपुस्तकात ‘गणितात नापास’ असं काही सापडत नाही. शाळेतून निलंबित करण्याची अमेरिकेतली रीतही इथल्या सहावीला नाही. उरते हजेरी. आकडेही तिथले आहेत. चारात तीन हे प्रमाण फिलाडेल्फियातल्या मुलांचं आहे, पूर्व भागातल्या सातवीचं नाही. इथे ते कमी असू शकतं, जास्तही असू शकतं. म्हणून लेखात ते शहर, ती वर्षं आणि ‘तिथे’ हा शब्द प्रत्येक आकड्यासोबत ठेवला. तिथून जे घेतलं ते फक्त रीतीपुरतं: वर्षाची बेरीज करा, सलग दिवस पाहत बसू नका.

हजेरी खरी भरलेली असेल तरच याचा उपयोग, हेही एका वाक्यात लिहिलं. शिक्षकांची पदं पटसंख्येवर मंजूर होतात. तुकडी टिकवायची तर नाव पटावर ठेवावं लागतं, आणि नाव ठेवायचं तर त्यापुढे अधूनमधून हजेरीही लागते. यावर सविस्तर लिहिलं असतं तर लेख भरकटला असता. पण न लिहिता सोडलं असतं तर सगळ्या शिक्षकांना ठाऊक असलेली गोष्ट आम्हाला ठाऊक नाही असं दिसलं असतं.

लेख रविवारी आला. सोमवारपासून फोन आले. बरेचसे शिक्षकांचे होते आणि चांगले होते. एकाने पट काढून बेरीज केली होती आणि वर्गातली दोन शांत मुलं यादीत सापडली म्हणून तो हबकला होता. बुधवारी एका पालकाचा फोन आला आणि त्याने मला फार वाईट वाटलं. त्याच्या मुलाच्या वर्गात शिक्षकांनी ८० टक्क्यांच्या खालची नावं फळ्यावर लिहून ‘ही मुलं पुढे शाळा सोडणार, पेपरात आलंय’ असं सांगितलं होतं. मुलगा घरी येऊन म्हणाला, मी सोडणारच आहे तर आत्ताच सोडतो.

हा धोका समाजशास्त्राला नवा नाही. मुलाबद्दल मोठ्यांनी आधीच ठरवून टाकलं की मोठे त्याच्याशी तसेच वागतात आणि मूलही तसं होत जातं, यावर गेली साठ वर्षं लिहिलं जातंय. आमच्या लेखात तो इशारा नव्हता. आठशे शब्दांत तो बसवता आला असता का, यावर मॅडमचं आणि माझं एकमत झालं नाही. त्यांच्या मते निष्कर्ष आधी पोहोचणं महत्त्वाचं होतं. माझ्या मते, ज्या निष्कर्षातून नावांची यादी तयार होते तो सांगताना ती यादी कोणाच्या हातात असावी हे त्याच दिवशी सांगायला हवं. पुढच्या रविवारी त्याच पानावर चौकट छापली:

‘गेल्या आठवड्याच्या लेखावरून काही वर्गांत कमी हजेरीच्या मुलांची नावं सगळ्यांसमोर वाचली गेली. कृपया असं करू नये. ही यादी वर्गशिक्षकांच्या वहीत राहावी आणि ती मुलांबद्दल भाकीत म्हणून वापरू नये. चौघांतला एखादा तिथेही शाळा पूर्ण करत होता, आणि तेसुद्धा कोणी वेळेवर विचारपूस केली असती तर काय झालं असतं हे न मोजता. यादीतल्या प्रत्येक मुलाबद्दल एकच गोष्ट आधी पाहावी: ते कोणत्या वारी येत नाही? ठराविक वार निघाला तर कारण बहुतेक घरच्या कामात आहे आणि त्यावर घरच्यांशी बोलता येतं. वार ठराविक नसेल, पण एखाद्या विषयाच्या तासाला किंवा चाचणीच्या दिवशी मूल हटकून नसेल, तर कारण वर्गात शोधावं.’

वाराचा हा मुद्दा मॅडमचा. तो कुठल्या अहवालातून घेतलेला नव्हता, पूर्व भागातला पट पाहताना सुचलेला होता. म्हणून चौकटीत तो संशोधनाच्या नावावर घातला नाही. मूळ लेखापेक्षा ही चौकट जास्त कापून ठेवली गेली. दोन शाळांच्या शिक्षकखोलीत ती भिंतीवर लावलेली मी स्वतः पाहिली.

आता मॅडमना सोलापूरचा स्वतःचा आकडा हवा आहे. तो काढायचा तर आज दहावीच्या वयात असलेल्या मुलांचे सहावीतले हजेरीपट लागतील, आणि ती मुलं पुढे कुठे गेली हे कळावं लागेल. शाळांची माहिती ठेवणाऱ्या यू-डायस प्लस या सरकारी नोंदणीत आता प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद असल्याने शाळा बदललेलं मूल आणि शाळा सोडलेलं मूल वेगळं करणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. पण त्या नोंदीत रोजची हजेरी नाही. ती जुन्या कापडी पाठीच्या पटांतच आहे, आणि ते पट शाळांच्या माळ्यावर पडून आहेत किंवा रद्दीत गेले आहेत. तीन मुख्याध्यापकांनी आपल्याकडचे पट दाखवायची तयारी दाखवली आहे. त्यांची अट एकच: नावांचा रकाना झाकूनच प्रती काढायच्या आणि शाळेचं नाव कुठेही यायचं नाही. मॅडमनी ती लेखी मान्य केली आहे.